रविवारच्या तीन गोळ्या आणि मध्येच लागणारे डाग: गर्भनिरोधक रिंगचं एक प्रकरण

माझा दवाखाना मुलुंडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. ही पेशंट भांडुपची, म्हणून माझ्या वहीत तिचं नाव 'भांडुप' एवढंच. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय ३१, एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला. एक मुलगा, चार वर्षांचा. नवरा जहाजावर, म्हणजे चार महिने समुद्रात आणि मग दोन-अडीच महिने घरी. सासू-सासरे सोबत. घर चाळीतून नवीन बिल्डिंगमध्ये गेलेलं, पण खोल्या दोनच.

मंगळवारी संध्याकाळी आली. बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, रिंग फेल गेली वाटतं. मध्येच डाग लागतात आणि अंगावरून जाण्याचा रंगही बदललाय."

ती १४ महिने गर्भनिरोधक रिंग वापरत होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती बांगडीसारखी मऊ, पारदर्शक कडी असते. बाहेरून व्यास ५४ मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर. दाबून चपटी करून स्वतःच योनीत सरकवायची, तीन आठवडे आत ठेवायची, काढायची, एक आठवडा रिकामा सोडायचा. त्या आठवड्यात पाळी येते. मग नवीन रिंग. कडीतून दिवसाला १२० मायक्रोग्रॅम एटोनोजेस्ट्रेल आणि १५ मायक्रोग्रॅम इथिनाइल इस्ट्राडिऑल हळूहळू पाझरतं आणि योनीच्या त्वचेतून रक्तात जातं. आपल्याकडे ही वस्तू प्रत्येक मेडिकलमध्ये नसते. भांडुप ती दादरहून आधी सांगून मागवायची आणि घरी फ्रिजमध्ये एका स्टीलच्या डब्यात ठेवायची. सासूबाईंनी डबा उघडून "हे काय गं?" विचारल्याचा किस्सा तिने मागे सांगितला होता. पण या प्रकरणात त्या डब्याचा काही दोष नाही.

नवरा घरी नसतानाही ती रिंग का ठेवायची, हे मी पहिल्यांदाच विचारून घेतलं होतं. उत्तर साधं होतं. रिंगवर पाळी कमी यायची आणि पोटात दुखायचं नाही. लोकलमध्ये दोन तास उभं राहणाऱ्या बाईला हे कारण पुरेसं आहे.

तर, डाग. रिंग, त्वचेवर चिकटवायची गर्भनिरोधक पट्टी किंवा गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत मध्येच थोडं लाल किंवा तपकिरी जाणं नेहमीचं असतं. बाहेरून मिळणाऱ्या संप्रेरकांनी गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं, पातळ अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात, आणि नवीन पातळी स्थिरावेपर्यंत त्या जागोजागी फुटतात. त्याला औषध लागत नाही, तीन महिने थांबावं लागतं. तिलाही पहिल्या दोन महिन्यांत असेच डाग लागले होते आणि मी तिला थांबायलाच सांगितलं होतं. नंतरचे बारा महिने एक डाग नाही. पाळीची तारीख कॅलेंडरवर न बघता सांगता यायची.

म्हणून मी त्या दिवशी जागी झाले. पहिल्या तीन महिन्यांतले डाग आणि वर्षभर सुरळीत चालल्यावर परत आलेले डाग यांचं कारण सहसा वेगळं असतं. शरीर रिंगला सरावलेलं होतं, मग आता काय बदललं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळवायला मला जवळजवळ पाऊण तास लागला. खरं तर ते पाच मिनिटांत मिळायला हवं होतं.

आधी दिवसांचा हिशेब मांडला. मी कागदावर रेघ ओढून तारखा लिहिते. पेशंटला आठवण्यापेक्षा रेघेवर बोट ठेवणं सोपं जातं. आमची भेट मंगळवारी. सध्याची रिंग १६ दिवसांपूर्वीच्या रविवारी घातलेली, म्हणजे त्या दिवशी रिंगचा सतरावा दिवस. त्याआधीच्या रिकाम्या आठवड्यात पाळी वेळेवर आली, नेहमीसारखी. डाग सुरू झाले १० दिवसांपूर्वी, शनिवारी. दोन दिवस वाट पाहून ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेली. तिथे तिला पाळी लांबवायची गोळी मिळाली, नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सोबत योनी धुवायचा वॉश आणि बुरशीची एक योनीगोळी. चार दिवस डाग थांबले. नॉरएथिस्टेरॉन संपली आणि शनिवारी पुन्हा सुरू. त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, नवरा बोटीवरून घरी आला होता.

नॉरएथिस्टेरॉनबद्दल माझी जुनी तक्रार आहे. आपल्याकडे लग्न-मुंज, गणपती, सत्यनारायण यांच्यासाठी ती इतकी सर्रास घेतली जाते की रक्त दिसलं की घे गोळी, असं झालंय. अस्तराला तात्पुरता टेकू मिळतो, रक्त थांबतं आणि रक्त का आलं हा प्रश्नही थांबतो. भांडुपच्या बाबतीत तसंच झालं. चार दिवस तिला वाटलं, बरं झालं.

मग रिंगचे नेहमीचे प्रश्न. मध्येच काढली होती का? रिंग तीन तासांपर्यंत बाहेर राहिली तर चालतं, कोमट किंवा थंड पाण्याने धुवून परत घालायची. तीन तासांपेक्षा जास्त राहिली तर पातळी घसरते, डाग लागू शकतात आणि पुढचे सात दिवस कंडोम लागतो. काही जणी संबंधाच्या वेळी काढतात आणि सकाळी आठवते. तिने काढली नव्हती. "काढायला कारणच काय, हे तर जहाजावर." बाहेर घसरली होती का? नाही. तरी मी तपासणीत बोटाने चाचपून पाहिली. होती, जागेवर, अख्खी. उलट्या-जुलाब? झाले नव्हते, आणि झाले असते तरी रिंगला त्याचं काही नाही. गोळी उलटीत पडून जाते, रिंगचं औषध पोटात जातच नाही.

हे शेवटचं वाक्य मी तिला सवयीने, जरा अभिमानानेच, ऐकवलं. पुढे तेच माझ्यावर उलटणार होतं.

"दुसरी काही औषधं चालू आहेत?"

"नाही."

मेडिकलने दिलेली सोडून? "काही नाही."

तिला टेबलावर घेतलं. आता अंगावरून जाण्याकडे वळते, कारण या प्रकरणाची किल्ली तिथे सापडली.

रिंग वापरणाऱ्या बाईला अंगावरून पांढरं थोडं जास्त जातं, हे तिला पहिल्या दिवशी सांगायला हवं. नाहीतर ती महिन्याभरात बुरशीची औषधं घेत फिरते. याला दोन कारणं. आत एक कडी बसलेली असते, तिच्याभोवती ओलेपणा धरतो. आणि इस्ट्रोजेन थेट योनीत मिळत असल्यामुळे लॅक्टोबॅसिलस नावाचे आपले चांगले जंतू जास्त वाढतात. गोळी घेणाऱ्यांशी तुलना केली तर रिंगवाल्यांत हा ओलेपणाही जास्त आणि लॅक्टोबॅसिलसही जास्त आढळले आहेत. म्हणजे हा ओलेपणा आजारी योनीचा नव्हे. तो पांढरा किंवा पाण्यासारखा असतो, वास नसतो, खाज नसते, आग नसते. पट्टी त्वचेवर असते, आत काही बसलेलं नसतं, त्यामुळे पट्टीवाल्या या तक्रारीने क्वचितच येतात. त्यांच्या तक्रारी वेगळ्या. मुंबईच्या घामात कड सुटली, खालची जागा काळवंडली, खाज आली.

भांडुपला हा पांढरा ओलेपणा १४ महिने होता आणि तिला त्याची सवय झाली होती. आता मात्र पँटी लायनरवरचा रंग बदलला होता. खाज नाही, वास नाही.

आतून पाहिलं. योनीच्या भिंती गुलाबी, दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं चिकटलेलं काही नाही. गर्भाशयाच्या तोंडावर लालसर फोड, मस्सा, जखम काही नाही. कापसाच्या काडीने तोंडाला स्पर्श केला तर रक्त आलं नाही. आतून थोडं तपकिरी रक्त उतरत होतं, म्हणजे उगम वर अस्तरात होता. पीएच कागद लावला. इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. योनीचा निरोगी पीएच साडेचारच्या आत असतो आणि बुरशीतही तो तिथेच राहतो. जिवाणूंचा समतोल बिघडला किंवा ट्रायकोमोनास या परजीवीचा संसर्ग झाला की तो वर जातो. पण रक्ताने आणि वीर्यानेही तो वर जातो. डाग लागत असताना मधोमध साचलेल्या स्रावात कागद बुडवला तर खोटाच उंच आकडा मिळतो आणि बाईला त्या संसर्गांवरचं मेट्रोनिडॅझोल उगाच मिळतं. मी बाजूच्या भिंतीवरून, रक्त नसलेल्या जागेवरून घेतला. साडेचारच्या आत. स्रावाच्या थेंबावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून हुंगलं, माशासारखा वास नाही. सूक्ष्मदर्शकाखाली क्लू सेल, म्हणजे जिवाणूंनी मढलेल्या पेशी, नाहीत, बुरशीचे धागे नाहीत.

बुरशीचे धागे नसणं याला तितकासा अर्थ नव्हता, कारण ती योनीगोळी वापरून आली होती. पण मुळात खाजच नव्हती, तेव्हा बुरशी असण्याची शक्यता आधीपासूनच कमी. मायकोनॅझोलसारख्या योनीगोळीने रिंगचं संप्रेरक रक्तात किंचित वाढतं, कमी होत नाही. म्हणजे डागांचा दोष त्या योनीगोळीवरही टाकता येत नव्हता.

क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी स्वॅब घेतला. नवरा दूर राहतो म्हणून नाही, तसा अर्थ तिने काढू नये म्हणून मी मुद्दाम सांगितलं. सुरळीत चाललेल्या गर्भनिरोधकावर नव्याने डाग लागले की हा स्वॅब घ्यायचाच असतो, कारण गर्भाशयाच्या तोंडाची सूज अनेकदा एवढ्याच डागांनी कळते. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली. एकच रेघ.

तिने वापरलेला लायनर काढून कचऱ्यात टाकायच्या आधी मी तो पाहिला. डॉक्टरकीत बरंचसं काम असं न शोभणारं असतं. त्यावर दोन रंग होते. मध्ये तपकिरी डाग, ते रक्त. आणि सगळीकडे पसरलेला एक वेगळाच रंग, केशरी-नारिंगी, कडेला फिकट होत गेलेला. रक्त वाळलं की तपकिरी होतं, काळपट होतं. नारिंगी होत नाही.

"लघवीचा रंग बदललाय का गं?"

ती हसली. "रविवारी लाल होते. सोमवारपर्यंत असते. ते त्या गोळ्यांमुळे, त्यांनी सांगितलं होतं आधीच."

"कुठल्या गोळ्या?"

"सासऱ्यांना टीबी निघाला ना. आम्हाला सगळ्यांना होऊ नये म्हणून दिल्यात. मला दर रविवारी तीन."

मी पेन खाली ठेवलं.

सासऱ्यांच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले होते. घरातल्यांची तपासणी झाली, एक्स-रे झाले, कुणालाही टीबीचा आजार नाही हे पाहिलं आणि राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाप्रमाणे घरातल्यांना प्रतिबंधक उपचार दिला. तिला मिळाला तो आठवड्यातून एकदा, बारा आठवडे घ्यायचा. आयसोनियाझिड ९०० आणि रिफापेंटिन ९०० मिलिग्रॅम, ३००-३०० च्या तीन जोडगोळ्यांत. रिफापेंटिन हे रिफाम्पिसिनचं भावंड. दोघांचाही रंग अंगातल्या स्रावांना लागतो. लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी, थुंकी. लायनरवरचं नारिंगी तिथून आलेलं. पण ही औषधं फक्त रंग देऊन थांबत नाहीत.

ती मला लपवत नव्हती, हे सांगायला हवं. "औषधं चालू आहेत का" या प्रश्नाला तिच्या मते उत्तर "नाही" हेच होतं. औषध म्हणजे आजारावरचं, रोज घ्यायचं. हे तर आजार होऊ नये म्हणून, तेही आठवड्यातून एकदा. शिवाय टीबी हा शब्द अजूनही आपण घरात हळू आवाजात बोलतो. शेजारच्या मजल्यावर कळू नये म्हणून सासूबाईंनी गोळ्यांची पाकिटं देवघराच्या खणात ठेवली होती.

आणि या गोळ्या देणाऱ्या टीबी केंद्रातल्या ताईंनीही तिला विचारलं होतं, तिला नीट आठवत होतं. "गर्भनिरोधक गोळ्या घेता का?" ती म्हणाली, "नाही." अगदी खरं उत्तर. ती गोळी घेतच नव्हती.

आता मी तिला सांगितलेल्या त्या वाक्याकडे. रिंगचं औषध पोटात जात नाही. ती लगेच म्हणालीसुद्धा, "पण मॅडम, तुम्हीच तर म्हणालात. गोळ्या पोटात, रिंग खाली. त्यांचा संबंध येतो कुठे?"

संबंध यकृतात येतो. रिंगचं औषध योनीतून रक्तात जातं, पण रक्त एका जागी राहत नाही. ते पुन्हा पुन्हा यकृतातून फिरतं, आणि दर फेरीला यकृत त्यातलं थोडं संप्रेरक मोडून टाकतं. ते मोडणारी यंत्रणा म्हणजे काही विकरं, त्यातलं मुख्य सीवायपी ३ए४. रिफापेंटिन यकृताला ही विकरं जास्त बनवायला लावतं. पहिल्या डोसनंतर चार दिवसांतच हे सुरू होतं. मग रिंग तेवढंच औषध सोडत राहते, पण यकृत ते वेगाने उपसून टाकतं. मी तिला पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं. बिल्डिंगच्या टाकीत पालिकेचं पाणी नेहमीइतकंच येतंय, पण तळाचा नळ कुणीतरी मोठा उघडून ठेवलाय. वरून पाणी कुठल्या पाइपने येतं याने काही फरक पडत नाही. पट्टीचंही तेच. त्वचेतून आलं म्हणून यकृत चुकत नाही. वाट बदलल्याने उलटी-जुलाबापासून सुटका होते, यकृतापासून होत नाही.

टाकीतली पातळी खाली गेली की दोन गोष्टी होतात. अस्तराचा टेकू जातो आणि डाग लागतात. ते दिसतं. दुसरी गोष्ट दिसत नाही. बीजांडकोशावरचा लगाम सैल होतो आणि बीज सुटू शकतं. रिंगमध्ये इस्ट्रोजेन मुळातच कमी असतं, त्यामुळे घसरायला फार वाव नसतो. म्हणून मी डागांना इथे इशारा मानला. उलटं मात्र खरं नाही. एखादीला ही औषधं चालू असताना एकही डाग लागला नाही, म्हणून तिची रिंग काम करतेय असं समजू नये.

इथे एक गैरसमज मोडून टाकते, नाहीतर हे वाचून कुणी घशाच्या अँटिबायोटिकसाठी रिंग फेकून देईल. सगळी अँटिबायोटिक्स असं करत नाहीत. अमॉक्सिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन यांचा रिंगबरोबर अभ्यास झाला आहे, संप्रेरकांच्या पातळीत बाधा आली नाही. अडचण रिफाम्पिसिन आणि त्याच्या भावंडांची. तशीच फिट्सच्या काही गोळ्यांची, म्हणजे कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन. एचआयव्हीच्या काही औषधांची. आणि झोपेला, मनाला बरं म्हणून ऑनलाइन मागवल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वॉर्ट या वनस्पतीचीही. नैसर्गिक आहे म्हणून ती कुणी औषधात मोजत नाही, रविवारच्या गोळ्यांसारखंच.

तर मंगळवारी संध्याकाळी आमच्यापुढे काय होतं? पाच डोस झालेले, सात बाकी. रिंगवर भरवसा नाही. आणि नवरा शुक्रवारी आलेला. संबंध एकदाच, शनिवारी रात्री, कंडोमशिवाय. त्याआधी चार महिने काहीच नाही. म्हणजे आजची टेस्ट निगेटिव्ह येणारच होती, तिने शनिवारबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं. प्रेग्नन्सी टेस्ट शेवटच्या संबंधानंतर तीन आठवड्यांनी भरवशाची होते. हे न सांगता "टेस्ट निगेटिव्ह आहे, काळजी करू नका" म्हणून पाठवलेल्या बायका मी नंतर दीड-दोन महिन्यांच्या गरोदर पाहिल्या आहेत.

शनिवार ते मंगळवार, तीन दिवस. तिने विचारलं, "७२ तासांची गोळी घेऊ?" वेळेच्या हिशेबाने बसत होती, पण ती लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी, आणि तीही त्याच यकृतातून जाणार. तिचीही पातळी घसरते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनात अशा वेळी दुप्पट, म्हणजे ३ मिलिग्रॅम घ्यायला सांगतात, तेही तांबी बसवणं शक्य नसेल तर, आणि दुप्पट डोस खरंच पुरतो याचा भक्कम पुरावा नाही. तांबीला मात्र यकृताशी देणंघेणं नाही. तांब्याचं काम गर्भाशयात, जागेवर चालतं. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तातडीचं गर्भनिरोधक म्हणून तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, आणि पुढच्या सात रविवारांचीही सोय होते.

तिचा चेहरा पडला. कारण तांबीने पाळी वाढते, पोटात दुखतं, निदान पहिले काही महिने. ज्या त्रासातून सुटायला तिने रिंग घेतली होती, तिथेच परत. मी ते गोड करून सांगितलं नाही. दुसरे रस्तेही मांडले. दर तीन महिन्यांचं डीएमपीए इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात 'अंतरा' नावाने फुकट मिळतं, त्यालाही या औषधाने फारशी बाधा येत नाही. पण ते शनिवारची रात्र भरून काढत नाही, आणि त्यानेही मध्येच डाग लागतात. संप्रेरकवाली तांबी लांबच्या हिशेबाने तिला सोयीची होती, पण तातडीसाठी साध्या तांबीचा अनुभव कित्येक दशकांचा आहे, त्यामुळे त्या दिवशी मी तिच्याकडे वळले नाही. टीबीचा उपचार बदलून नुसतं आयसोनियाझिड, रोज, सहा महिने, असंही करता येतं. ते यकृताला असं भडकवत नाही. पण तो निर्णय केंद्राचा, आणि तोही झालेल्या शनिवारला उपयोगी नाही.

एक गोष्ट मी दोनदा सांगितली: रविवारच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. घरात थुंकीत जंतू असलेला माणूस आहे, चार वर्षांचा मुलगा आहे. गर्भनिरोधक बदलता येतं, हा उपचार अर्धवट सोडायचा नसतो.

तिने नवऱ्याला फोन केला, खाली रिक्षात थांबला होता. वर आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मी कंडोम वापरतो ना." चांगला माणूस. पण कंडोमसुद्धा झालेल्या रात्रीनंतर लावता येत नाही, हे त्याला समजावताना आम्ही तिघंही जरा हसलो.

बुधवारी सकाळी कॉपर-टी ३८० ए बसवली. गर्भाशयाच्या तोंडाला सूज नव्हती, ओटीपोट दाबून दुखत नव्हतं, म्हणून स्वॅबच्या रिपोर्टसाठी थांबले नाही. पाच दिवसांची मुदत थांबत नाही. रिंग त्याच वेळी काढली. कमी पातळीवर ती नुसतेच डाग देत राहिली असती, आणि पुढे रिंग ओढून काढताना तांबीचा धागा हाताला येण्याची भीती वेगळीच. रिंग काढल्यावर तिसऱ्या दिवशी पाळी आली, जरा जास्तच. स्वॅब निगेटिव्ह आला. तीन आठवड्यांनी टेस्ट पुन्हा केली, एकच रेघ.

डाग रिफापेंटिनमुळेच लागले, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. संप्रेरकांची पातळी मोजली नाही. ती रोजच्या कामात कुणी मोजत नाही. नॉरएथिस्टेरॉनने चित्र गढूळ केलं होतं. आणि तांबी बसवल्यावर पहिले महिने तसेही मध्येच डाग लागतात, त्यामुळे कारण काढलं आणि रक्त थांबलं, असा स्वच्छ शेवटही मिळाला नाही. माझ्याकडे आहे तो फक्त क्रम. बारा महिने शांतता, मग गोळ्या, पहिल्या डोसानंतर तिसऱ्या आठवड्यात डाग, आणि दुसरं कुठलंही कारण तपासणीत न सापडणं. पण कारण वेगळं निघालं असतं तरी त्या दिवशीचा निर्णय तोच राहिला असता, कारण रिफापेंटिन चालू असताना रिंगवर अवलंबून राहता येत नाही.

तिला तारीख लिहून दिली. बारावा डोस, आणि त्यानंतर चार आठवडे. रिफापेंटिन थांबल्यावर यकृत साधारण दोन आठवड्यांत जागेवर येतं, पण अशा औषधांसाठी हिशेब २८ दिवसांचा धरायचा असतो. तोपर्यंत रिंगचा विचार नाही. तिने तिच्या हाताने कागदावर लिहून घेतलं आणि फोटो काढून नवऱ्याला पाठवला, कारण तोवर तो परत जहाजावर असणार होता. केंद्रातल्या ताईंना मी एक चिठ्ठी दिली. विचारताना "गोळी" म्हणू नका, "मूल होऊ नये म्हणून काहीही वापरता का, रिंग, पट्टी, इंजेक्शन, काहीही?" असं विचारा. त्यांनी चिठ्ठी रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्याला स्टेपल केल्याचं भांडुप सांगत होती.

दीड महिन्याने तिचा फोन आला, ऑफिसच्या जिन्यातून, आवाज दबका.

"मॅडम, अंगावरून पांढरं जायचं अगदी कमी झालंय. कोरडंच असतं. हे ठीक आहे ना?"

"रिंग काढलीस ना आपण," मी म्हटलं.

"अरे हो," ती म्हणाली, आणि मग तांबीचा धागा हाताला लागतो तो कापायचा की राहू द्यायचा, ते विचारलं.